गच्चीवरची बाग, पावसाळा विशेष: व्हिडिओचा मेटाडेटा

शीर्षक
पावसाळ्यात गच्चीवर काय लावावं? मातीचं मिश्रण, १२ झाडं आणि पानं पिवळी पडण्याची कारणं

थंबनेलवरचा मजकूर
पानं पिवळी? आधी कुंडीचं भोक बघा!

वर्णन

पानं पिवळी पडली की आपण पहिल्यांदा खत घालतो. पावसाळ्यात कुंडीतल्या झाडाला बहुतेक वेळा खत नको असतं, मुळांना हवा हवी असते. म्हणून या व्हिडिओत सुरुवात माती आणि निचऱ्यापासून केली आहे. झाडं त्यानंतर येतात. घाई असेल तर खालच्या वेळांवर टिचकी मारून थेट पुढे जा, पण मातीचा भाग सोडू नका.

मिश्रण असं: ४ घमेली गाळलेली माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ घमेली कोकोपीट, १ घमेलं जाड वाळू. वर दोन मुठी निंबोळी पेंड. हे झालं एरवीचं. संततधार पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंड्यांसाठी कोकोपीट १ आणि वाळू २ घमेली करा. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात तो गुण आहे, पावसात तोच नडतो. कोकोपीटची वीट आधी भिजवून दोन-तीनदा पाणी काढून टाका, त्यात क्षार असतात. अर्धवट कुजलेलं शेणखत हाताला गरम लागतं आणि वास मारतं. ते वापरलं तर मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येऊ शकते.

बारा इंची कुंडीला साधारण १५ लिटर मिश्रण लागतं आणि भिजल्यावर ती सहज १८-२० किलो भरते. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे, कठड्याच्या कडेने ठेवा. प्रत्येक कुंडीखाली विटांचे तुकडे हवेत, म्हणजे भोक लादीला चिकटत नाही आणि गच्चीवर पाणी साचत नाही. कुंडीखालच्या बशा पावसाळाभर काढून ठेवा. त्यात मुळं सडतात आणि डासही होतात.

व्हिडिओतली झाडं

भाज्या: मिरची, वांगी, भेंडी, गवार, दोडका म्हणजे शिराळं, कारलं.
रोज लागणारी: पुदिना, कढीपत्ता म्हणजे कढीलिंब, गवती चहा.
फुलं: जास्वंद, मोगरा, झेंडू.

भेंडी, गवार, दोडका आणि कारलं यांचं बी थेट कुंडीत टोचा, उपटून लावलेली रोपं रुसतात. दोडका-कारल्याचं बी रात्रभर भिजवलं तर लवकर रुजतं. मिरची-वांग्याची रोपं मात्र ट्रेमध्ये करून मग हलवायची. गवती चहा घेताना बुंधा पाहा: सिट्रोनेला गवत दिसायला तसंच असतं, पण त्याचा बुंधा लालसर असतो आणि ते चहात घालण्याचं नाही.

टोमॅटो आणि कोथिंबीर या यादीत मुद्दाम नाहीत. पानं सतत ओली राहिली की टोमॅटोवर करपा येतो. कोथिंबिरीची कोवळी रोपं मुसळधार पावसात आडवी होतात आणि सडतात. छत असेल तर लावा. उघड्या गच्चीवर पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

कुठे काय

00:00 पिवळं पडलेलं वांग्याचं रोप उपटून पाहू
01:10 कुंडी, भोकं आणि वजन
03:25 मातीचं मिश्रण, घमेल्याच्या मापाने
07:40 कोकोपीट धुणं
09:05 बी कधी टोचायचं, रोप कधी हलवायचं
11:50 दोडका-कारल्याचा मांडव
14:30 जास्वंद, मोगरा, झेंडू
16:45 सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न
22:20 कडुनिंबाच्या तेलाची फवारणी

नेहमी शोधले जाणारे प्रश्न

मिरचीची पानं का वळतात? कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद झालं तर कोळी ही बारीक कीड. पानं बारीक, चुरगळलेली आणि झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीतून येणारा विषाणू. त्यावर औषध नाही, झाड काढून टाका. फुलकिडे आणि कोळ्यांसाठी फवारणीचा भाग पाहा.

पानं पिवळी का पडतात? खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील आणि माती कोरडी होत असेल, तर नत्र कमी आहे. माती सतत ओली आणि झाड तरीही मलूल, तर मुळं गुदमरली आहेत. पाणी थांबवा, भोक मोकळं करा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता.

कारल्याची पिटुकली फळं पिवळी पडून का गळतात? बहुतेकदा परागीभवन न झाल्याने. वेलीला आधी नर फुलं येतात, त्यामुळे पहिला बहर गळला तर घाबरू नका. मादी फुलामागे इवलंसं कारलं असतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, तेव्हाच नर फुलाचा पराग त्यावर टेकवा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे तिथे हेच काम संध्याकाळी करा.

जास्वंदीवर पांढरा कापूस? तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला सांभाळतात, तेव्हा मुंग्यांचाही बंदोबस्त करा. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग फवारणी: १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, त्यात द्रव साबणाचे काही थेंब. ऊन उतरल्यावर, पाऊस नसताना आणि आधी एखाद्या फांदीवर करून पाहा. दर आठवड्याला पुन्हा करावी लागते, एका फवारणीत काही संपत नाही.

रोपं बुंध्यातून कोलमडतात? ओल्या मातीतली बुरशी. दाट पेरणी टाळा, ट्रे पावसाआड ठेवा.

मोगऱ्याला फूल नाही? सावलीत ठेवला असेल तर उन्हात हलवा. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे बहर संपला की छाटणी करा.

टॅग
गच्चीवरची बाग, गच्चीवरील बाग, टेरेस गार्डन मराठी, पावसाळ्यात कोणत्या भाज्या लावाव्यात, कुंडीतली माती कशी तयार करावी, कोकोपीट मिश्रण, मिरचीची पाने वळणे, मिरची बोकड्या, झाडाची पाने पिवळी पडणे, जास्वंद पांढरी कीड, पिठ्या ढेकूण उपाय, कारल्याची फळे गळणे, मोगऱ्याला फुले येत नाहीत, कुंडीत भेंडी, दोडका कुंडीत, gacchivarchi baag, terrace garden marathi, mirchi pane valne

हॅशटॅग
#गच्चीवरचीबाग #पावसाळीबाग #कुंडीतल्याभाज्या

अपलोड करणाऱ्यासाठी
भाषा मराठी, उपशीर्षकं मराठी. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं तशीच ठेवू नका, त्यात ‘पिठ्या’चं ‘पिठ्ठा’ होतं. झाडांची आणि किडींची नावं हाताने तपासा. फाइलचं नाव `pavsali-gacchi-bag-mati-12-zade.mp4`. प्लेलिस्ट: ‘ऋतूप्रमाणे गच्चीवरची बाग’. शेवटच्या पडद्यावर हिवाळी भाज्यांचा व्हिडिओ जोडा, टोमॅटोबद्दल विचारणाऱ्यांना तिकडेच जायचं आहे. ‘एका रात्रीत झाड भरेल’, ‘जादुई खत’ असले शब्द शीर्षकात किंवा टॅगमध्ये कुणी सुचवले तरी घालायचे नाहीत. थंबनेलवर वांग्याचं पिवळं पान आणि कुंडीचं बंद भोक एकाच चौकटीत दिसलं पाहिजे.