इंग्रजी श्रवणपाठ : बदललेले गेट आणि बदललेली वेळ

हा पाठ प्राथमिक इंग्रजी वाचता येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी असून त्याला सुमारे ५० मिनिटे लागतात. पाठात दोन छोटे ध्वनिउतारे आहेत. पहिला उतारा विमानतळावरची घोषणा आहे आणि दुसरा फोनवर ठेवलेला निरोप. दोन्हींत आधी ठरलेली एखादी गोष्ट बदलली आहे, आणि नेमके काय बदलले हे ओळखणे एवढेच तुमचे काम आहे. उताऱ्यांचा मजकूर पाठाच्या शेवटी दिला आहे. तो ऐकण्यापूर्वी कृपया वाचू नका, कारण डोळ्यांनी वाचलेले वाक्य कान पुन्हा स्वतंत्रपणे ऐकत नाहीत.

इंग्रजी लोक फार भरभर बोलतात असे आपल्याला वाटते, त्यामागे एक ठोस कारण आहे. मराठीत आपण बहुतेक अक्षरे स्पष्ट आणि साधारण सारख्या वजनाने उच्चारतो, तर इंग्रजीत अर्थ वाहून नेणाऱ्या शब्दांवर जोर येतो आणि टू, अॅट, फॉर, कॅन यांसारखे शब्द इतके आखडतात की त्यांचा जेमतेम एक अस्पष्ट स्वर उरतो. हे आखडलेले शब्द पकडण्याच्या नादात पुढचा महत्त्वाचा शब्द निसटून जातो. म्हणून या पाठात जोर असलेले शब्द आधी टिपायचे आहेत.

पहिला उतारा : ऐकण्यापूर्वी

तुम्ही विमानतळावर बसला आहात आणि घोषणेत तुमच्या विमानाचा उल्लेख ऐकू येतो. अशा घोषणेत कोणकोणती माहिती असू शकेल याचा शेजारच्या विद्यार्थ्याशी दोन मिनिटे मराठीतून विचार करा आणि अपेक्षित असे पाच इंग्रजी शब्द वहीत लिहा. गेट, फ्लाइट, बोर्डिंग हे शब्द बहुतेकांच्या यादीत असतीलच. त्यांपैकी जे ऐकू येतील त्यांवर नंतर खूण करायची आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण घोषणा चुकीची समजण्याचे सर्वांत मोठे कारण आकडेच असतात. शिक्षकांनी ‘फोर्टीन, फोर्टी, थर्टीन, थर्टी, फिफ्टीन, फिफ्टी’ हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणावेत आणि विद्यार्थ्यांनी फक्त अंक लिहावेत. फोर्टीन एकटा किंवा वाक्याच्या शेवटी आला तर जोर ‘टीन’वर पडतो, फोर्टीमध्ये तो नेहमी ‘फोर’वर असतो. मात्र ‘फिफ्टीन मिनिट्स’ असे म्हणताना, पुढे लगेच जोराचा शब्द आल्यामुळे, तोच जोर पुष्कळदा सरकून ‘फिफ्’वर जातो. अशा वेळी केवळ जोरावर विसंबून चालत नाही. शेवटचा दीर्घ स्वर आणि त्यानंतरचा ‘न’ ऐकू आला की नाही, हे पाहावे लागते. हा भाग घाईने उरकू नये, त्यासाठी पाच मिनिटे अधिक गेली तरी चालतील.

पहिला उतारा : ऐकताना

पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐका आणि एवढेच ठरवा : ही बातमी उशिराची आहे, जागा बदलल्याची आहे की विमान रद्द झाल्याची? दुसऱ्यांदा ऐकताना पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. विमान कोणत्या गेटवरून सुटणार आहे?
२. किती मिनिटांत बोर्डिंग सुरू होईल?
३. सर्वांत आधी कोणाला आत सोडले जाईल?
४. प्रवाशांनी कोणत्या दोन गोष्टी हातात तयार ठेवायच्या आहेत?

उत्तरे जुळली नाहीत तर शिक्षकांनी लगेच बरोबर उत्तर सांगू नये. ज्या वाक्यावर मतभेद आहे तेवढेच वाक्य पुन्हा वाजवावे आणि तुम्ही नेमके काय ऐकले, असे विचारावे. ‘फोर्टी ऐकले’ असे एखादा म्हणाला तर त्याचा कान कुठे फसला हे सर्वांना कळते, आणि त्या चुकीचा वर्गाला जेवढा उपयोग होतो तेवढा तयार उत्तराचा होत नाही.

दुसरा उतारा : ऐकण्यापूर्वी

दंतवैद्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता, पण तुम्हाला तो घेता आला नाही; त्यामुळे तिथल्या कर्मचारी महिलेने निरोप ठेवला आहे. तुमची वेळ गुरुवारी अडीचची होती. निरोप कशाबद्दल असेल याचे दोन अंदाज लिहा. इंग्रजीत ‘हाफ पास्ट टू’ म्हणजे अडीच आणि ‘क्वार्टर टू टेन’ म्हणजे पावणेदहा. दुसऱ्या प्रकारात ‘टेन’ हा आकडा ऐकून सव्वादहा किंवा दहा लिहिण्याची चूक वारंवार होते, तेव्हा ‘पास्ट’ आहे की ‘टू’ हे सावधपणे ऐका.

या निरोपाची खरी किल्ली कॅन आणि कान्ट यांच्या फरकात आहे. होकारार्थी वाक्यात ‘शी कॅन सी यू’ म्हणताना कॅन आखडतो, जवळजवळ ‘क्न’ असा होतो आणि जोर ‘सी’वर जातो. नकारात मात्र कान्टवरही जोर असतो आणि त्याचा स्वर पूर्ण ऐकू येतो. ब्रिटिश उच्चारात तो ‘कान्ट’ असा लांब असल्याने ओळखणे सोपे जाते. अमेरिकन उच्चारात तो ‘कॅन्ट’ असतो आणि शेवटचा ‘ट’ बरेचदा स्पष्ट ऐकू येत नाही. म्हणून ‘ट’ची वाट पाहू नका, तो शब्द ठसठशीत आहे की आखडलेला, याकडे लक्ष द्या.

दुसरा उतारा : ऐकताना

१. डॉक्टरांना कोणत्या दिवशी भेटता येणार नाही?
२. नवा दिवस आणि वेळ कोणती सुचवली आहे?
३. तुम्ही केव्हापर्यंत फोन करायचा आहे?
४. बोलणारीचा सूर घाईचा, दिलगिरीचा की नाराजीचा वाटतो? कोणत्या शब्दांवरून?

चौथ्या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर नाही, परंतु आपल्या उत्तराला आधार देणारे शब्द उताऱ्यातूनच दाखवावे लागतील.

ऐकल्यानंतर

जोडीने बसा. एकाने रुग्णाची भूमिका घेऊन दवाखान्याला फोन करावा आणि शुक्रवारची वेळ मान्य करावी किंवा दुसरी मागावी. दुसऱ्याने ऐकलेली वेळ आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घ्यावी. ‘सो, दॅट्स फ्रायडे अॅट क्वार्टर टू टेन?’ असे विचारण्यात मुळीच कमीपणा नाही. इंग्रजी ही मातृभाषा असलेले लोकही वेळ आणि आकडे असेच पडताळून घेतात. घरी दोन्ही उतारे पुन्हा लावून, बोलणाऱ्याच्या मागोमाग अर्ध्या सेकंदाच्या अंतराने मोठ्याने म्हणा आणि जोराच्या शब्दांवर टेबलावर बोटाने टिचकी मारा.

उताऱ्यांचा मजकूर

पहिला : ‘गुड ईव्हनिंग. धिस इज अ गेट चेंज. द सेव्हन फोर्टी फ्लाइट टू लंडन विल नाउ लीव्ह फ्रॉम गेट फोर्टीन, नॉट गेट फोर्टी. बोर्डिंग विल बिगिन इन फिफ्टीन मिनिट्स. पॅसेंजर्स विथ स्मॉल चिल्ड्रन विल बोर्ड फर्स्ट. प्लीज हॅव युअर पासपोर्ट अँड बोर्डिंग पास रेडी. थँक यू.’

दुसरा : ‘हॅलो, आय अॅम कॉलिंग फ्रॉम द डेंटल क्लिनिक अबाउट युअर अपॉइंटमेंट ऑन थर्सडे अॅट हाफ पास्ट टू. आय अॅम अफ्रेड द डॉक्टर कान्ट सी यू ऑन थर्सडे, बट शी कॅन सी यू ऑन फ्रायडे अॅट क्वार्टर टू टेन. कुड यू कॉल अस बॅक बिफोर फाइव्ह टुडे? सॉरी फॉर द ट्रबल.’

उत्तरे

पहिला उतारा : १४ क्रमांकाचे गेट, १५ मिनिटांत, लहान मुले सोबत असलेले प्रवासी, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास. दुसरा उतारा : गुरुवारी, शुक्रवारी पावणेदहा वाजता, आज पाच वाजण्यापूर्वी, सूर दिलगिरीचा आहे असे मानल्यास ‘आय अॅम अफ्रेड’ आणि ‘सॉरी फॉर द ट्रबल’ हे शब्द त्याला आधार देतात.