प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा

स्नेहलतागंज, इंदूर
18 जून 2025

प्रति,
मा. वॉर्ड अध्यक्ष,
वॉर्ड कार्यालय, इंदूर

विषय : पक्षाचं प्राथमिक सदस्यत्व आणि बूथची जबाबदारी सोडण्याबाबत

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आजपासून मी पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा, महिला आघाडीच्या वॉर्ड चिटणीसपदाचा आणि आपल्या बूथच्या एजंटपदाचा राजीनामा देत आहे. तो स्वीकारावा, ही विनंती. शहर कार्यालयासाठी तीन ओळींचं हिंदी पत्र सोबत जोडलं आहे. त्यात कारण लिहिलेलं नाही आणि तिथे कुणी विचारेल असंही वाटत नाही. पण तुम्हाला कारण न सांगता जाणं मला जमणार नाही. 2010 साली सदस्यत्वाची पावती तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून फाडली होती.

कारण आहे ते मदत केंद्राचं. गेल्या महिन्याच्या बैठकीत ठरलं, की समग्र आयडीची ई-केवायसी, रेशनची नावं, पेन्शनचे अर्ज ही कामं यापुढे मतदार यादीतल्या खुणा पाहून करायची. हिरवी खूण असेल त्याचं आधी, लाल असेल त्याला "उद्या या." मी तेव्हाच हात वर करून नको म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, बाकी सगळ्यांचं मत पडलंय, आता पुढे चला. बैठकीचा निर्णय म्हणून मी पंधरा दिवस केंद्रावर बसलेही.

त्यातल्या एका दिवशी मागच्या गल्लीतल्या पापडवाल्या आजी आल्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांच्या यजमानांचा होता. यजमान गेले आणि नंबर बंद झाला, त्यामुळे ओटीपी यायची सोय नव्हती. राहिला अंगठा. मशीनवर चार वेळा ठेवला, चारही वेळा जुळला नाही. पापड लाटून लाटून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्या आहेत. प्रत्येक वेळी त्या अंगठा पदराला पुसायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. मी दुसरं बोट लावून बघू म्हणत होते, तेवढ्यात शेजारच्या कार्यकर्त्यानं यादी माझ्याकडे सरकवली. नावापुढे लाल खूण होती. मग मी "आजी, उद्या या" असं म्हटलं. आणि त्या "बरं बाई" म्हणून, कागद पुन्हा पिशवीत घालून, जिना उतरून गेल्या.

अण्णा, ती लाल खूण माझ्याच पेननं केलेली होती. 2023 च्या विधानसभेच्या वेळी घरोघरी पर्च्या वाटताना मी ती केली होती. खूण करण्यात तेव्हा मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोणाच्या दारात दोनदा जायचं आणि कोणाच्या नाही, एवढ्यापुरती ती असते. प्रत्येक पक्ष करतो. पण प्रचार संपला की ती यादी कपाटात जायला हवी होती. आजींनी मला दारात उभं करून, पाणी देऊन, स्वच्छ सांगितलं होतं, "बेटा, मत तुमच्याकडे नाही." खरं बोलल्या म्हणून त्यांना जिने चढायला लावायचे, हे मला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चौकातल्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात घेऊन गेले. डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं. काम दहा मिनिटांचं होतं.

हे लिहिताना तुमच्यावर रोष नाही. या पंधरा वर्षांत विधानसभेच्या तीन, लोकसभेच्या तीन आणि नगर निगमच्या दोन निवडणुका मी बूथवर काढल्या, आणि मतदान केंद्रात कसं बसायचं ते तुम्हीच शिकवलंत. सात वाजता मतदान सुरू होतं, पण आपण साडेपाचच्या आत पोचायचं. मॉक पोलची पन्नास मतं स्वतः मोजायची, ती मशीनमधून पुसली गेली ना ते बघायचं, सीलवर सही करायची आणि संध्याकाळी 17सी फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. तुम्ही आणखी एक सांगितलं होतं, की समोरच्या पक्षाच्या एजंटसाठीही आपल्या डब्यातून पोहे काढायचे, कारण दिवसभर तोच आपला शेजारी. मी प्रत्येक वेळी काढले. 2022 च्या निगम निवडणुकीत तर त्यांच्या बाजूच्या बाईंनी माझ्यासाठी जिरावणाची पुडी वेगळी आणली होती. मला ठाऊक असलेला पक्ष हा होता, म्हणून मी इतकी वर्षं राहिले.

आता देण्याघेण्याचं. कार्यालयाच्या कपाटाची किल्ली, सदस्यता पावत्यांची दोन पुस्तकं (एक पूर्ण, दुसऱ्यात अकरा पावत्या कोऱ्या), जमा झालेले 740 रुपये आणि बूथच्या मतदार यादीची प्रत शुक्रवारी, 20 तारखेला संध्याकाळी तुमच्या हाती आणून देते. पैसे मोजून घ्यावेत आणि या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही करावी. निवडणूक कार्यालयात बूथ लेव्हल एजंट म्हणून माझं नाव दिलेलं आहे. तिथे लवकर दुसरं नाव कळवावं, नाहीतर पुढच्या वेळी बीएलओ यादी घेऊन माझ्याच दारात येतील. गणेशोत्सवाच्या फ्लेक्सचं डिझाइन ठरेल तेव्हा माझा फोटो आणि नाव काढून टाकायला सांगावं. व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी आज रात्री बाहेर पडते. मी न सांगता गेले असं कुणाला वाटू नये म्हणून तिथे एक ओळ लिहीन, जास्त काही नाही.

एक वस्तू मात्र देणार नाही. माझी निळी वही. तिच्यात साधारण दोनशे घरांचे फोन नंबर, समग्र आयडी, कोणाची पेन्शन अडली आहे, कोणाच्या मुलीचं जातीचं प्रमाणपत्र यायचं आहे, हे सगळं आहे. लोकांनी ते काम व्हावं म्हणून माझ्या भरवशावर लिहून दिलं, पक्षाला म्हणून दिलं नाही. ज्यांची कामं अर्धवट आहेत त्यांना मी स्वतः फोन करून सांगेन, की मी आता केंद्रावर नाही. आणि कुठे जायचं तेही सांगेन. ती कामं तडीला गेली की वही फाडून टाकीन. याचा राग मानू नये.

मी दुसऱ्या कुठल्याही पक्षात जात नाही. दोन ठिकाणांहून विचारणा झाली, मी दोघांना नाही म्हटलं. हे तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून वेगळ्या रूपात येण्याआधी मीच सांगते. पार्षदांशी मी बोललेले नाही, तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा तुम्ही बोलावं. पक्षाविरुद्ध कुठे बोलणार नाही. मदत केंद्राबद्दल कुणी थेट विचारलं तर मात्र खोटं सांगणार नाही.

तो निर्णय बैठकीत पुन्हा एकदा मांडून बघावा, एवढं शेवटचं मागणं. मी नसले तरी चालेल.

शुक्रवारी सहाच्या सुमारास येते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून भेट नाही, त्यांनाही भेटेन. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आपली,
सुनंदा भागवत

सोबत : शहर कार्यालयासाठी हिंदी पत्र, सदस्यत्व कार्ड, या पत्राची दुसरी प्रत