विषय: आजची मुलाखत – आभार, आणि बोअरच्या उत्तरात एक दुरुस्ती

नमस्कार सर,

आज दुपारी क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी तुम्ही माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभार. ठरलेली वेळ संपल्यावरही तुम्ही मला शॉपमध्ये नेऊन लाइन दाखवलीत. त्या दहा मिनिटांत मला कामाचा जो अंदाज आला, तो टेबलापाशी बसून आला नसता.

एका उत्तरात माझी चूक झाली, ती दुरुस्त करते. अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा ६० एच७ बोअर मशीनवर मोजला की साइजमध्ये येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात प्लग गेजची ‘गो’ बाजूच जात नाही, असं का, हा तुमचा प्रश्न. जॉब गरम असतानाच मोजला जात असावा, हे माझं उत्तर मला अजूनही पटतं. पण दहा अंशांच्या फरकाला साधारण ७ मायक्रॉन म्हणाले, तो आकडा चुकला. बोलण्याच्या ओघात मी स्टीलचा गुणांक धरला. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट प्रसरण पावतं: एक मीटर लांबीला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन. म्हणजे ६० मिलिमीटरला दहा अंशांत जवळपास १४ मायक्रॉन. या बोअरला एकूण टॉलरन्सच ३० मायक्रॉनची. त्यातली निम्मी नुसत्या तापमानात जाते.

७ मायक्रॉनचा फरक येतो तो वेगळ्या परिस्थितीत. बोअर गेज स्टीलच्या मास्टर रिंगवर सेट केला आणि रिंग व जॉब दोन्ही २० ऐवजी ३० अंशांवर असले, तर रिंगही वाढलेली असल्यामुळे गेजवर निम्माच फरक दिसतो. (मुलाखतीत हे माझ्या डोक्यात होतं असं मात्र मुळीच नाही, परतीच्या वाटेवर सुचलं.)

‘पहिल्या दिवशी काय कराल?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘तापमान तपासेन’ एवढंच म्हणाले. ते फारच मोघम झालं. मी असं करेन: पाच जॉबना नंबर टाकायचे, फिक्स्चरमधून सोडल्यावर लगेच मोजायचे, मापासोबत जॉबचं तापमानही लिहायचं. मग तेच जॉब मास्टर रिंगशेजारी सरफेस प्लेटवर ठेवून, दोन्ही एका तापमानाला आल्यावर पुन्हा मोजायचे. फरक हिशेबाप्रमाणे आला तर कारण तापमान. बराच कमी आला तर क्लॅम्पिंगकडे बघावं लागेल, कारण पातळ भिंतीचा जॉब आवळलेला असताना गोल दिसतो आणि सोडल्यावर अंडाकृती होतो. कूलंट किंवा ऑफसेटला हात त्यानंतरच.

शॉपमधली एक गोष्ट लक्षात राहिली. लाल पेटीतल्या प्रत्येक जॉबला टॅग होता आणि त्यावर ऑपरेटरने स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलेलं होतं. एकावर तर ‘माझी चूक, इन्सर्ट बदलायला उशीर’ असं. जिथे लोक हे बिनधास्त लिहितात, तिथे क्वालिटीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. सध्याच्या ठिकाणी टॅग भरून घेण्यातच माझा बराच वेळ जातो.

गेजच्या अभ्यासाचं जे पान पाठवते म्हणाले होते, ते सोबत जोडलं आहे. ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर काढले आहेत. १० जॉब, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा मोजणी. पहिल्यांदा ८ टक्के आले, पण तेव्हा जॉबवरचे नंबर ऑपरेटरना दिसत होते आणि आधीचं माप त्यांच्या लक्षात होतं. नंबर झाकून तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा २४ टक्के आले. दोन्ही तक्ते मुद्दाम ठेवले आहेत.

मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, आणि दुसऱ्या शिफ्टला माझी हरकत नाही. पुढच्या बुधवारपर्यंत कळवू असं तुम्ही म्हणालात, ते ठीक आहे. त्याआधी जोडलेल्या पानाबद्दल काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर फोन करू शकता. दिवसभर मी लाइनवर असते, तिथे फोन बंद असतो.

आपली,
मृणाल