वरच्या मजल्यावर द्यायची चिठ्ठी

लोकमान्य नगर, इंदूर
मंगळवार, सकाळ

चि. समीर आणि सौ. नेहा यांस,
अनेक आशीर्वाद.

जिन्यात भेटतो तेव्हा तू घाईत असतोस आणि हे घाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहून देते. रात्री तुमच्या घरातून येणाऱ्या आवाजामुळे आमची झोप होत नाहीये.

सराफ्यातलं काम कसं असतं ते मला ठाऊक आहे. सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर तुमची खाण्याची दुकानं लागतात, सगळं आवरून घरी यायला दीड-दोन होतात. तुझं जेवण, आंघोळ, नेहाशी चार शब्द, सगळं तेव्हाच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नळ वाजला, भांडं पडलं, तर मी कूस बदलून झोपते.

पण शनिवारी दोनला कॅरम सुरू झाला तो पावणेचारपर्यंत. बोर्ड तुम्ही जमिनीवर ठेवता, त्यामुळे स्ट्रायकरचा प्रत्येक फटका स्लॅबमधून थेट आमच्या डोक्यावर. शिवाय गॅलरीत स्पीकर. काका दचकून उठले ते पुन्हा झोपलेच नाहीत. बायपासला त्यांच्या जेमतेम चार महिने झालेत. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते आणि वरून हसणं ऐकू येत होतं. फार वाईट वाटलं रे. रागही आला. तेव्हाच वर येणार होते, पण यांना एकटं सोडून निघवेना.

मागच्या महिन्यात तुला सांगितलं, नंतर नेहाला सांगितलं. दोन दिवस बरं गेलं, की पुन्हा तेच.

तेव्हा आता स्पष्ट सांगते. रात्री दहानंतर गॅलरीत स्पीकर लावायचा नाही. दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच धरलेली आहे, मी मनाची ठरवलेली नाही. कॅरम रात्री बंद. मित्र आले तर या, बसा, पण खिडक्या लावून आणि हळू आवाजात. आणि त्या लोखंडी खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं लावून घे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

यानंतरही असंच चाललं तर मी सोसायटीच्या बैठकीत विषय मांडीन. तुमच्या पाठीमागे नाही, आधी तुम्हाला सांगून. पण मांडीन नक्की. यांच्या तब्येतीपुढे मला संकोच करून चालणार नाही.

यांना दवाखान्यात नेलं त्या रात्री गाडी तूच काढली होतीस, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये असं वाटलं.

गुरुवारी दुकानावर जायच्या आधी दोघं खाली या. भाजणी कालच दळून आणली आहे, थालीपीठं लावते. काकाही जागे असतील, त्यांच्याशीही बोल.

तुमची,
खालची काकू