मोगऱ्याची पानं पिवळी, फांद्या वाळतायत – फोटो पाठवतेय

नमस्कार,

बटमोगऱ्याचे पाच फोटो जोडलेत. फोटोत सगळं दिसत नाही, म्हणून सोबत लिहितेय.

पहिल्यात अख्खी कुंडी आहे. डावीकडच्या दोन फांद्या पार वाळल्यात, उजवीकडे पालवी आहे पण पिवळट. दुसरा फोटो नीट मोठा करून बघा: शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार. खालच्या जून पानांच्या कडा करपल्यात, चिमटीत धरलं की चुरा होतो. तिसरा पानाच्या मागच्या बाजूचा. लाल कोळी असेल म्हणून पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, काही हललं नाही. जाळंही नाही, पिठ्या ढेकूणही नाही. चौथ्यात मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसेल. पाचव्यात वाळलेल्या फांदीची साल नखाने खरवडलीय, शेंड्याकडे तपकिरी, बुडाशी अजून हिरवी.

कुंडी मातीची, १२ इंची. गॅलरी पश्चिमेची, ऊन दुपारी एकपासून मावळेपर्यंत. लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट. जानेवारीअखेर छाटणी करून गांडूळखत आणि निंबोळी पेंड घातली होती. मार्चमध्ये ओंजळभर फुलं रोज निघायची. एप्रिलपासून सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी सुरू झालं, आणि त्यानंतरच हे सगळं. त्याच पाण्याने किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरतो. शेजारच्या कुंडीतल्या कढीपत्त्याचीही नवी पानं पिवळी पडतायत, अबोली मात्र मजेत आहे.

पाणी वरची माती सुकली की सकाळी देते. भोकातून जादा पाणी लगेच निघून जातं. कडेची माती उकरून मुळं पाहिली: घट्ट आहेत, कुबट वास नाही. त्यामुळे मुळं कुजली असं मला वाटत नाही, क्षार साचून लोह मिळत नसावं असा अंदाज आहे. नर्सरीवाल्याने १९:१९:१९ घाला म्हटलं. पुडी आणलीय पण फोडली नाही. आधीच खपली धरलीय, त्यात आणखी क्षार कशाला? शेजारच्या काकू ताक घाला म्हणतायत. त्यांचा कढीपत्ता त्यावरच वाढलाय म्हणे!

आता विचारायचं ते असं. फिल्टरचं गोडं पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढू का, की सरळ माती बदलू? मे महिन्याच्या या उन्हात कुंडी बदलणं झेपेल का त्याला, की पाऊस लागेपर्यंत थांबू? चिलेटेड लोहाची फवारणी करायची असेल तर प्रमाण सांगा, फवारणी संध्याकाळीच करेन. वाळक्या फांद्या हिरव्या भागापर्यंत आत्ताच छाटू का?

मातीचा आणि पाण्याचा नमुना लागत असेल तर शनिवारी सकाळी आणून देते. रोप जगण्यातलं नसेल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे उजवीकडची फांदी हिरवी आहे तोवर तिच्या काड्या लावून ठेवते.

– मेधा, बाणेर, पुणे