सुई टोचते ती क्षणभर : गुरुवारी रक्तदानाला या

मित्रमैत्रिणींनो,

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की कॉलेजातली शिबिरं थांबतात आणि लातूरच्या रक्तपेढ्यांत पिशव्या कमी पडू लागतात. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून येत्या गुरुवारी, सकाळी ९ ते २, कॉलेजच्या सभागृहात शिबिर आहे.

सुईची भीती वाटणं साहजिक आहे. सुई इंजेक्शनपेक्षा जाड असते, हे लपवत नाही. पण टोचतं ते आत जाताना, क्षणभर. मान दुसरीकडे वळवा, हातातला बॉल हळूहळू दाबत राहा. ५ ते १० मिनिटांत पिशवी भरते. प्रत्येकाला नवी, निर्जंतुक सुई.

अशक्तपणाचं म्हणाल, तर अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. घेतात ३५० मिली. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. चक्कर येते ती बहुधा उपाशीपोटी, पाणी न पिता आल्यानं, घाबरल्यानं किंवा झटकन उठल्यानं. तेव्हा भाकरी-भाजी खाऊन या, आधी दोन ग्लास पाणी प्या, नंतर १५ मिनिटं बसा. गरगरलं तर लगेच आडवं व्हा, पाय उंच करा. त्या दिवशी जिम नको, लांबवर मोटारसायकलही नको.

वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवं; ते तिथेच तपासतात. मुलींनो, कमी निघालं तर खट्टू होऊ नका, उपचार घेऊन पुढच्या वेळी या. वर्षभरात टॅटू काढला असेल तर डॉक्टरांना सांगा.

ओळखपत्र आणा.

— राष्ट्रीय सेवा योजना विभाग