कारणे दाखवा नोटिशीस खुलासा

दिनांक : 26 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती यांचे सेवेशी

विषय : कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा सादर करणेबाबत.
संदर्भ : आपली दि. 18 ऑगस्ट 2025 ची नोटीस (मला प्राप्त दि. 20 ऑगस्ट 2025)

महोदय,

संदर्भीय नोटिशीत खुलाशासाठी 7 दिवसांची मुदत दिली आहे. ती उद्या संपते. उद्या गणेश चतुर्थीची सुट्टी असल्याने आजच खुलासा समक्ष सादर करीत आहे. नोटिशीतील काही बाबी खऱ्या आहेत आणि त्या मी मान्य करतो. काही बाबी मात्र वस्तुस्थितीला धरून नाहीत.

मुद्दा क्र. 1 : सतत गैरहजर राहणे.
दि. 5 ऑगस्ट रोजी सकाळी 11.10 वाजता मा. विस्तार अधिकारी बोरवाडीस आले तेव्हा कार्यालयास कुलूप होते, हे खरे आहे. त्या वेळी मी पिंपळदरा येथे मासिक सभेत होतो. दि. 2 जूनपासून त्या ग्रामपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे असून मंगळवार व शुक्रवार हे तिथले ठरलेले वार आहेत. सभेच्या इतिवृत्ताची प्रत सोबत आहे. शिपाई त्या दिवशी रजेवर होता. तरीही हालचाल नोंदवहीत नोंद करणे आणि फलकावर वार लिहिणे हे माझेच काम होते व ते मी केले नाही. एवढी चूक मान्य आहे. पण एका भेटीवरून ‘सतत’ हा शब्द लावला आहे, तो मान्य नाही.

मुद्दा क्र. 2 : एप्रिल ते जुलै रोकडवही कोरी असणे.
एप्रिल व मे महिन्यांच्या नोंदी पूर्ण आहेत, त्यावर मा. सरपंचांच्या सह्याही आहेत. जूनच्या नोंदी 14 तारखेपर्यंत आहेत. 15 जून ते 5 ऑगस्ट या 52 दिवसांच्या नोंदी मात्र खरोखरच नव्हत्या. दोन गावांच्या कामाचे कारण मी पुढे करीत नाही. पावत्या फाडायला वेळ मिळत होता, तर त्या वहीत उतरवायलाही मिळायला हवा होता. दि. 14 ऑगस्ट रोजी सर्व नोंदी पूर्ण केल्या. त्या उशिरा घेतल्याचा शेरा त्याच दिवसाच्या तारखेने लिहिला आहे, मागील तारखेची सही कुठेही केलेली नाही.

मुद्दा क्र. 3 : रु. 16,130 चा अपहार.
हा आरोप मला पूर्णतः अमान्य आहे. जून व जुलैमध्ये नमुना 10 च्या पावत्यांनी एकूण रु. 38,640 वसूल झाले. तपासणीत फक्त ग्रामनिधीचे पासबुक पाहिले गेले. त्यात रु. 22,510 जमा दिसतात, म्हणून उरलेले रु. 16,130 गेले असे धरले आहे. त्यापैकी रु. 9,710 ही पाणीपट्टी आहे. ती पाणीपुरवठा निधीच्या स्वतंत्र खात्यात दि. 3 व 17 जुलै रोजी भरली आहे.

राहिले रु. 6,420. ही रक्कम कार्यालयाच्या लोखंडी कपाटात, पावती पुस्तकासोबत पाकिटात होती. दि. 6 ऑगस्टच्या दप्तर तपासणीत मा. विस्तार अधिकाऱ्यांनी ती स्वतः मोजली : पाचशेच्या 12, शंभराच्या 4 आणि विसाची 1 नोट. तसा पंचनाम्यात उल्लेख आहे. नोटिशीत मात्र तो आलेला नाही. दुसऱ्याच दिवशी रक्कम बँकेत भरली.

ही वसुली 21 ते 31 जुलैची होती. बँक 14 कि.मी. वर आहे आणि मी दर गुरुवारी भरणा करतो. 24 व 31 जुलै हे दोन्ही गुरुवार मी चुकवले. त्यामुळे सुरुवातीची रक्कम 17 दिवस हाती राहिली. हे नियमाला धरून नव्हते. त्यात रोकडवहीही मागे पडलेली, म्हणजे शंकेला जागा मीच करून दिली. मात्र एक रुपयाही स्वतःसाठी वापरलेला नाही.

मुद्दा क्र. 4 : दाखल्यांसाठी पैसे मागणे.
नोटिशीत तक्रारदाराचे नाव, तारीख किंवा कोणता दाखला, यातले काहीच नाही. आरोप नाकारतो. तक्रार अर्जाची प्रत मिळाल्यास सविस्तर म्हणणे मांडीन.

सबब विनंती की, अपहाराचा व पैसे मागितल्याचा आरोप वगळण्यात यावा. भरण्यातील विलंब, अपूर्ण रोकडवही व हालचाल नोंद न करणे याबाबत आपण जी समज द्याल ती मला मान्य राहील. याउपर चौकशी करावयाची झाल्यास कागदपत्रांच्या प्रती देऊन समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती.

सोबत : 1) पिंपळदरा मासिक सभेचे इतिवृत्त 2) दोन्ही खात्यांच्या पासबुकांच्या प्रती 3) दि. 7 ऑगस्टची भरणा पावती 4) दि. 6 ऑगस्टचा पंचनामा 5) रोकडवहीची संबंधित पाने

आपला विश्वासू,
(सही)
स. भा. कांबळे
ग्रामपंचायत अधिकारी, बोरवाडी
(अतिरिक्त कार्यभार : पिंपळदरा)